खेळण्यांची फेरपालट: तीन वर्षांच्या मुलासमोर काय मांडावे आणि काय आत ठेवावे

तीन वर्षांचे मूल खेळण्यांनी भरलेल्या खोलीत गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय करते, हे कधीतरी मध्ये न बोलता बाजूला बसून पाहावे. ते गाडी उचलते, दोनदा पुढे-मागे करते, तेवढ्यात शेजारची बाहुली दिसते म्हणून गाडी हातातून सुटते. बाहुलीचा हात वर होतो न होतो तोच ठोकळ्यांचा डबा उपडा होतो, आणि ठोकळे घरंगळायचे थांबण्याआधीच मूल दाराशी येऊन कंटाळा आल्याचे सांगू लागते. एवढी खेळणी असूनही हे एका जागी का रमत नाही, असा प्रश्न मोठ्यांना पडतो आणि त्यावर उपाय म्हणून बहुधा आणखी एक खेळणे घरात येते. मूल रमत नाही त्याचे एक मोठे कारण नेमके त्या ‘एवढ्या’ खेळण्यांत असते. त्यांतील थोडीच बाहेर ठेवून बाकीची आत ठेवणे आणि वेळोवेळी त्यांची अदलाबदल करणे, या पद्धतीला खेळण्यांची फेरपालट म्हणता येईल. ऐकायला ती फार सोपी वाटते, पण बऱ्याच घरांत ती अशा रीतीने केली जाते की तिच्यामुळे भटकणे कमी होण्याऐवजी वाढते.

आधी कारण पाहू. लहान मुलाचे लक्ष दोन प्रकारे चालते. एक लक्ष आपोआप खेचले जाते: नवे, रंगीत, हलणारे किंवा आवाज करणारे काही दिसले की नजर तिकडे वळते. हे जन्मापासून असते आणि त्याला प्रयत्न लागत नाहीत. दुसरे लक्ष स्वतःहून धरून ठेवावे लागते: मनात एक बेत असतो, तो पुरा होईपर्यंत इतर गोष्टी दिसत असूनही त्यांच्याकडे जायचे नसते. हे दुसरे लक्ष वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी आकार घेत असते, पण अजून कच्चे असते. म्हणजे मुलाला खेळात गुंतता येत नाही असे नव्हे. गुंतलेले असताना दुसऱ्या खेळण्याला नकार देणे त्याला जड जाते. समोर दिसणारे प्रत्येक खेळणे हे एक आमंत्रण असते, आणि चाळीस आमंत्रणे एकामागून एक नाकारत पुलाचा पाचवा ठोकळा नीट बसवणे हे तीन वर्षांच्या मुलाकडून अपेक्षिणे अवाजवी आहे. नकार देण्याचे ते काम खोलीच्या मांडणीने मुलाच्या वतीने आधीच करून ठेवायचे, एवढाच या पद्धतीचा गाभा आहे.

या बाबतीत अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठातील संशोधकांचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास नेहमी सांगितला जातो. त्यात दीड ते अडीच वर्षे वयाची ३६ मुले होती. प्रत्येक मुलाला एका वेळी ४ आणि दुसऱ्या वेळी १६ खेळणी असलेल्या खोलीत १५ मिनिटे मोकळेपणी खेळू दिले. चार खेळणी असताना मुले एकेका खेळण्यापाशी अधिक वेळ थांबली, आणि त्या एकाच खेळण्याशी अधिक वेगवेगळ्या प्रकारे खेळली. माझ्या मते दुसरा निष्कर्ष पहिल्याहून महत्त्वाचा आहे, कारण नुसता वेळ कंटाळ्यानेही जाऊ शकतो. पण तीच वस्तू कधी रचायची, कधी लपवायची, कधी तिला दुसरेच काहीतरी मानायचे, हे गुंतल्याखेरीज होत नाही. मात्र या अभ्यासाची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. मुले तीन वर्षांहून लहान होती, खेळणी त्यांच्या घरची नव्हती आणि वेळ पंधराच मिनिटांचा होता. त्यामुळे चार हा आकडा प्रमाण मानून घरात मोजून चारच खेळणी ठेवण्याला काही आधार नाही.

गुंतलेला खेळ ओळखावा कसा

फेरपालटीचे सारे निर्णय निरीक्षणावर अवलंबून असतात, म्हणून काय पाहायचे ते आधी ठरवून घेतलेले बरे. शांतता ही खूण नव्हे. बटण दाबले की गाणे म्हणणाऱ्या खेळण्यासमोर मूल पुष्कळ वेळ शांत बसेल, पण त्यात काम खेळणे करते, मूल नाही. सतत चाललेली हालचाल हीसुद्धा खूण नव्हे. बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठातील फेर्रे लावर्स यांनी बालवाडीतील मुलांचा सहभाग जोखण्यासाठी पाच पातळ्यांची एक मोजपट्टी तयार केली. तिच्यातील तिसरी पातळी घरात सर्वांत जास्त दिसते आणि सर्वांत जास्त फसवते: मूल सारखे काहीतरी करत असते, पण मन त्यात नसते, आणि कोणी हाक मारताच ते हातातले विनासायास टाकून देते.

गुंतलेले मूल वेगळे दिसते. ते अंग पुढे झुकवून बसलेले असते, हात सावकाश चालत असतात, वस्तू नेमकी बसावी यासाठी ते दोन-तीनदा प्रयत्न करते, आणि रचना ढासळली तर रडून सोडून देण्याऐवजी पुन्हा मांडते. तोंडाने काहीतरी पुटपुटणे चालू असते: "आता हा इथे झोपणार. पाऊस आला, पाऊस आला." हे बोलणे कोणाला ऐकवण्यासाठी नसते, आपलीच कृती आपल्या ताब्यात ठेवण्याचा तो मुलाचा मार्ग असतो. आणि सर्वांत भरवशाची खूण दुसऱ्या दिवशी मिळते: काल अर्धवट राहिलेल्या खेळाकडे मूल कोणी न सांगता परत जाते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नवीन वस्तू हाती आल्यावर मूल आधी ती तपासते: हे काय आहे, उघडते का, फिरते का, आपटले तर कसे वाजते. ही चाचपणी संपल्यावरच या वस्तूचे मी काय करू शकतो हा प्रश्न येतो, आणि खरा खेळ तिथे सुरू होतो. दर थोड्या मिनिटांनी नवी वस्तू समोर आली तर मूल चाचपणीतच अडकून पडते. वरवर पाहणाऱ्याला ते फार उत्साही वाटते.

आधी निवड

पहिली पायरी म्हणजे घरातील सारी खेळणी एका ठिकाणी आणणे. हे मूल झोपलेले असताना किंवा बाहेर गेलेले असताना करावे, कारण त्याच्यादेखत केले तर महिनोन्‌महिने न पाहिलेली प्रत्येक वस्तू त्याला अचानक हवीशी होते. मोजताना सुटे नग न मोजता संच मोजावेत. पन्नास लाकडी ठोकळे मिळून एक संच, बारा प्राणी मिळून एक, बाहुली, तिचे अंथरूण आणि कपडे मिळून एक. मुलाच्या दृष्टीने जेवढ्या वस्तूंनी मिळून एक खेळ होतो तेवढा तो संच.

मोडलेले आणि तुकडे हरवलेले संच आधी बाजूला काढावेत. सोळा तुकड्यांच्या चित्रकोड्यातील दोन तुकडे नसतील तर ते कोडे कधीच पुरे होत नाही, आणि काम अर्ध्यावर सोडण्याची सवय मुलाला आपणच लावत असतो. धाकट्या वयातील खुळखुळे आणि रंगीत कड्या रचण्याची खेळणीही काढून टाकावीत. एकच कृती करणारी, बटणाची खेळणी मी शक्यतो बाहेर ठेवत नाही. ती वाईट असतात असे नाही, परंतु आवाजामुळे ती शेजारच्या शांत खेळावर मात करतात.

उरलेल्या संचांची विभागणी रंग, आकार किंवा किमतीनुसार न करता मूल त्यांचे काय करते यावरून करावी: रचण्याचे, नाटकी खेळाचे, हात व नजर नेमकी वापरण्याचे, आणि काहीतरी उमटवण्याचे किंवा घडवण्याचे. बाहेर मांडताना प्रत्येक प्रकारातील निदान एक-दोन संच असावेत. तीन वर्षांच्या मुलासाठी एकंदर आठ ते दहा संच हा व्यवहारातला अंदाज आहे, नियम नाही. मांडलेल्या संचांपैकी निम्म्यांना दोन-तीन दिवस हातच लागला नाही तर ते जास्त झाले, आणि मूल सारखे स्वयंपाकघरातील डबे व कपाटे उचकू लागले तर कदाचित कमी झाले, असे समजावे.

काही गोष्टी या फेरपालटीत कधीच धरू नयेत. ज्या मऊ खेळण्याला किंवा दुलईला धरून मूल झोपते ते त्याच्या हाताशीच राहिले पाहिजे. साधे ठोकळे नेहमी बाहेर असावेत. कागद व खडूही नेहमी बाहेर असावेत. पुस्तके थोडी-थोडी बदलता येतात, पण मूल सध्या रोज रात्री जे पुस्तक मागते ते आत ठेवणे हा निव्वळ अत्याचार आहे.

अदलाबदल: एक उदाहरण

खरी गोम इथे आहे, म्हणून एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, एका घरात तीन वर्षे दोन महिन्यांची मुलगी आहे. सारी खेळणी गोळा केल्यावर चोवीस संच झाले. त्यांतील चार मोडके किंवा वयाने मागे पडलेले म्हणून निघाले. उरलेल्या विसांपैकी आठ बाहेर मांडले: लाकडी ठोकळे, प्राणी, भातुकली, अंथरुणासह बाहुली, बारा तुकड्यांचे एक चित्रकोडे, ओवायचे मोठे मणी, हातात घालून नाचवायच्या दोन बाहुल्या, आणि कागद व खडू. आगगाडी व रूळ, छोट्या गाड्या, डॉक्टरची पेटी, चिकणमाती, जुळवायचे ठोकळे वगैरे बारा संच आत गेले.

पहिले दोन दिवस ती नुसती फिरली. हे अपेक्षित असते आणि त्यावरून काहीच ठरवू नये. तिने आगगाडीची दोनदा आठवण काढली, म्हणून आगगाडी बाहेर आली आणि तिच्या जागी हातबाहुल्या आत गेल्या, ज्यांना तिने स्पर्शही केला नव्हता. मुलाने नाव घेऊन मागितलेले खेळणे द्यावे. त्या बदल्यात एक आत जावे, म्हणजे संख्या तेवढीच राहते. नाव घेऊन मागणे याचा अर्थ तिच्या मनात त्या वस्तूचा काही बेत आहे. समोर दिसले म्हणून हवे वाटणे ही निराळी गोष्ट आहे.

चौथ्या दिवशी तिने ठोकळ्यांचे कुंपण घालून त्यात प्राणी उभे केले. पाचव्या दिवशी प्राण्यांना थंडी वाजू लागली, आणि बाहुलीची दुलई त्यांच्यावर पसरली. हा चालू खेळ आहे. त्यातील ठोकळे, प्राणी आणि दुलई या तिन्ही गोष्टींना आता कोणी हात लावायचा नाही, मग किती का दिवस झाले असेनात. वार ठरवून फेरपालट करण्यातला दोष इथेच दिसतो: वेळापत्रकाला चालू खेळ दिसत नाही.

बदल झाला तो दुसरीकडे. बारा तुकड्यांचे कोडे ती आता चित्राकडे न पाहता झटपट जुळवत होती, म्हणजे त्यातले शिकण्यासारखे संपले होते. त्याच्या जागी वीस तुकड्यांचे कोडे आले. भातुकलीचे मात्र वेगळे होते. ती रोज उपडी होई आणि तशीच पडून राही. अशा वेळी खेळणे बदलण्याआधी जागा बदलून पाहावी. भातुकली बाहुलीच्या अंथरुणाशेजारी आणून दोन वाट्या मांडून ठेवल्या, कारण जेवण कोणासाठी करायचे हे ठरल्याशिवाय स्वयंपाकाचा खेळ सुरू होत नाही. तीन दिवसांनंतरही काही घडले नाही, तेव्हा भातुकली आत गेली आणि डॉक्टरची पेटी बाहेर आली. ती पेटी मुद्दाम प्राण्यांच्या टोपलीजवळ ठेवली. दुसऱ्याच दिवशी कुंपणातला घोडा आजारी पडला, आणि जुना खेळ न मोडता पुढे सरकला.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी कुंपण घालणे आपोआप थांबले. प्राणी टोपलीतच राहू लागले. तेव्हा प्राणी व डॉक्टरची पेटी आत गेली, छोट्या गाड्या बाहेर आल्या, आणि ठोकळे तेच राहिले. ज्या ठोकळ्यांचे कुंपण होत होते त्यांचा आता आगगाडीसाठी पूल आणि गाड्यांसाठी उतार होऊ लागला. तीन आठवड्यांत मांडणीतील जेमतेम निम्म्या गोष्टी बदलल्या, आणि त्यासुद्धा एकदम नव्हे, तर एका वेळी एक किंवा दोन. पाया तोच ठेवून सोबतच्या वस्तू बदलणे ही पद्धत सगळे काही बदलण्यापेक्षा कितीतरी चांगली ठरते, कारण मुलाचे ठोकळ्यांबाबतचे कौशल्य वाया न जाता नव्या खेळात जसेच्या तसे वापरले जाते.

याच घरात रविवारी रात्री सर्व आठ संच बदलले असते तर काय झाले असते? घोडा आजारी पडायच्या आत कुंपणच नाहीसे झाले असते. सोमवारी सकाळी मुलीने मोठ्या आनंदाने एकेक डबा उघडून पाहिला असता आणि घरातल्यांना फेरपालट यशस्वी झाल्याचे समाधान मिळाले असते. गुरुवारपर्यंत तो उत्साह ओसरला असता, मग पुढची अदलाबदल रविवारऐवजी शुक्रवारी झाली असती, त्यापुढची बुधवारी. नव्याची नवलाई संपली की नवे द्यायचे, या चक्रात मूल खेळायला शिकत नाही, तर वाट पाहायला शिकते. फेरपालट नीट चालली आहे की नाही याची माझी साधी कसोटी ही आहे: नवा संच आल्यावर पहिल्या दिवसापेक्षा चौथ्या दिवशी खेळ जास्त गुंतागुंतीचा होत असेल तर ठीक चालले आहे, पहिल्या दिवशी शिगेला पोचून रोज उतरत असेल तर बदल फार वेगाने होत आहेत किंवा संच चुकीचे निवडले जात आहेत.

मांडणी आणि साठवण

बाहेरच्या खेळण्यांसाठी खोल पेटारा उपयोगाचा नाही. पेटाऱ्यात वरची चार खेळणी दिसतात, खालची दिसत नाहीत, म्हणून मूल सर्व काही बाहेर ओतते आणि ओतण्यातच त्याचा खेळ संपतो. शिवाय जड झाकण डोक्यावर किंवा बोटांवर पडण्याचा धोका असतो, आणि झाकण घट्ट बसणाऱ्या, हवेला छिद्रे नसलेल्या पेटाऱ्यात मूल लपले तर गुदमरू शकते. त्यापेक्षा उघडी, बुटकी मांडणी घ्यावी. तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ९५ सेंटीमीटर असते, म्हणून वरची फळी जमिनीपासून ७० सेंटीमीटरच्या आसपास असली तर तिच्यावर ठेवलेले त्याला वरून दिसते आणि न चढता उचलता येते. मांडणी कितीही बुटकी असली तरी ती भिंतीला पक्की बसवावी. मुले फळ्यांचा जिना करतात.

एका फळीवर दोन किंवा तीन संच, आणि मध्ये मोकळी जागा. सुटे नग असलेले संच उथळ टोपलीत किंवा तबकात ठेवावेत, म्हणजे न ओतता आतले सारे दिसते आणि तबक जसेच्या तसे जमिनीवर नेता येते. प्रत्येक संचाची जागा ठरलेली असावी. आवरण्याचे काम यामुळे बरेच हलके होते, कारण मुलाला ‘सगळे आवर’ या सूचनेचा अर्थ लागत नाही, पण घोडे कुठे राहतात हे त्याला चांगले ठाऊक असते. मांडणीसमोर जमिनीचा एक मोकळा भाग हवाच. खेळणी कमी करूनही गुंतलेला खेळ दिसत नाही अशा कित्येक घरांत मूळ अडचण जागेची असते: पूल बांधायला सपाट जमीनच उरलेली नसते.

आत ठेवायच्या खेळण्यांबाबत एकच पथ्य कसोशीने पाळावे, ते म्हणजे एक संच, एक डबा. जागा वाचावी म्हणून तीन संच एका पिशवीत भरले की अदलाबदल करायच्या दिवशी आधी निवडत बसावे लागते, आणि मग ती अदलाबदल महिनाभर होतच नाही. डब्यावर नाव व नगांची संख्या लिहावी, उदाहरणार्थ ‘आगगाडी: डबे ४, रूळ १६’, आत ठेवताना मोजले की हरवलेला रूळ त्याच आठवड्यात सोफ्याखाली सापडतो, सहा महिन्यांनी नाही. घरात इकडेतिकडे सापडणाऱ्या सुट्या तुकड्यांसाठी एक लहान डबी ठेवावी आणि प्रत्येक अदलाबदलीच्या वेळी तीत डोकावावे. डबे मुलाच्या नजरेआड, बंद कपाटात किंवा माळ्यावर असावेत. पारदर्शक डबे मोठ्यांना सोयीचे असतात, पण ते मुलाच्या खोलीतच कपाटावर रचून ठेवले तर आमंत्रणे भिंतीवर चढली एवढाच फरक होतो.

ठेवण्यापूर्वी बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यांतील बॅटऱ्या काढाव्यात, कारण त्या गळल्या की आतील पत्रे गंजतात. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या मुलाच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवाव्यात. गिळल्यास त्या काही तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा करतात. कापडी खेळणी धुऊन पूर्ण वाळवूनच बंद करावीत. घरात तीन वर्षांहून लहान भावंड असेल तर बाहेरच्या संचांची निवड त्याच्या वयानुसार करावी लागते. सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या छोट्या नळकांड्यात पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकते, असे खेळण्यांच्या सुरक्षिततेचे नियम मानतात. असे मणी आणि असे छोटे नग मोठ्या मुलाला टेबलावर, धाकटे झोपलेले असताना द्यावेत.

जिथे ही पद्धत पुरी पडत नाही

वाढदिवशी एकदम आलेल्या खेळण्यांचे काय, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. सर्व उघडून पाहू द्यावीत, मुलाला त्यांतील एक-दोन निवडू द्यावीत आणि बाकीची दोन-चार दिवसांत आत न्यावीत. आजी-आजोबांनी दिलेले खेळणे ते भेटायला येतात तेव्हा बाहेर असावे, हे साध्या शहाणपणाचे आहे. आतले खेळणे मात्र बक्षीस म्हणून बाहेर काढू नये किंवा बाहेरचे शिक्षा म्हणून आत नेऊ नये. तसे झाले की डब्यांच्या कपाटावरून रोज घासाघीस सुरू होते, आणि मुलाचे लक्ष समोरच्या खेळाऐवजी त्या कपाटाकडे लागून राहते.

खेळणी कमी करून, जागा मोकळी करून, दोन आठवडे थांबूनही मूल भटकतच असेल तर कारण खेळण्यांबाहेर शोधावे. पहिला संशय चालू असलेल्या टीव्हीवर घ्यावा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक, दोन आणि तीन वर्षे वयाच्या ५० मुलांना तासभर खेळू दिले आणि त्यातला अर्धा वेळ मागे मोठ्यांचा एक प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम चालू ठेवला. मुलांनी पडद्याकडे एका वेळी काही सेकंदच पाहिले, तरीही त्या अर्ध्या तासात त्यांच्या खेळाचे तुकडे लहान झाले आणि एकाग्रतेचा अवधी घटला. म्हणजे आपले मूल टीव्ही पाहत नाही, तो नुसता चालू असतो, हे म्हणणे खेळाच्या दृष्टीने फारसे उपयोगाचे नाही.

दुसरा संशय आपल्यावरच घ्यावा. "हा कोणता रंग?", "किती झाले ठोकळे?", "वा, किती छान!" असे दर मिनिटाला विचारणारे किंवा बोलणारे माणूस हे खोलीतील सर्वांत मोठे आमंत्रण असते. जवळ बसावे, मुलाने पाहिले तर पाहावे, बोलावले तर खेळात जावे आणि दिलेली भूमिका निभवावी. काही मुलांना खेळ सुरू करण्यासाठी पहिली पाच मिनिटे कोणीतरी सोबत लागते. ती देऊन हळूच मागे सरकावे. झोप अपुरी झालेल्या, भुकेल्या किंवा तापातून नुकत्याच उठलेल्या मुलाकडून कोणत्याही मांडणीने गुंतलेला खेळ होणार नाही, आणि अशा दिवसांवरून संचांबद्दलचे निर्णय घेऊ नयेत. मात्र मूल कोणत्याच परिस्थितीत, कोणाहीबरोबर खेळात थांबत नसेल, नाटकी खेळ मुळीच करत नसेल किंवा हाकेला प्रतिसाद देत नसेल, तर खेळणी बदलत बसण्याऐवजी बालरोगतज्ज्ञांशी बोलावे.

मूल चार वर्षांकडे सरकू लागले की गरज बदलते. पूर्वी त्याला थोडे थोडे वेगवेगळे लागत होते, आता एकाच प्रकारचे पुष्कळ लागते. पन्नास ठोकळ्यांत गाव होत नाही आणि सोळा रुळांत स्थानकापर्यंत पोचता येत नाही. तेव्हा बाहेरच्या संचांची संख्या पाच-सहावर आणून प्रत्येकाचा आकार वाढवावा, आतले एकाच जातीचे दोन डबे एकत्र करावेत, आणि अर्धवट बांधकाम रात्री न मोडता ठेवता यावे म्हणून ते पहिल्यापासून एका रुंद फळकुटावर करायची सवय लावावी. मग केर काढताना फळकूट उचलून पलंगाखाली सरकवता येते आणि सकाळी होते तसे परत आणता येते.